जेवायला उठलं की तिकीट हातचं जातं किंवा एसएलए तुटतो : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ऐरोली, महापे, घणसोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सपोर्ट डेस्कवर दुपारी दीड-दोनच्या सुमारास ही तक्रार हमखास येते. इथे जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट वापरणारा डेस्क धरला आहे. तिकिटं रांगेतून स्वतः उचलायची, कॉल आणि चॅट वेगळ्या खिडकीत येतात, आणि जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, पाळीपाळीने. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, कारणं बहुतेक हीच निघतील.

लक्षणं

पुढच्यांपैकी नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. यातल्या प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे.

- परत आल्यावर तिकीट तुमच्या नावावर नाही. दुसऱ्या कुणाकडे गेलंय, किंवा नावच नाही आणि ते पुन्हा रांगेत पडलंय.
- तिकीट तुमच्याकडेच आहे, पण पहिल्या उत्तराची मुदत तुम्ही जेवत असताना उलटली.
- `Lunch` लावूनही चॅट आला, कुणी उचलला नाही, आणि तुमच्या नावावर मिस झाला.
- `Lunch` लावला होता, तरी परत आल्यावर स्टेटस `Offline` दिसतंय आणि उघडे चॅट दुसऱ्याकडे गेलेत.
- कामाच्या टायमरमध्ये पाऊण तास जास्त नोंदला गेलाय.
- ग्राहकाचा वैतागलेला मेसेज आलाय : "तुम्ही माझी वाट बघताय म्हणे, पण मला काही विचारलंच नाही."

शेवटचं लक्षण दिसलं तर थेट चौथ्या तपासणीवर जा. तिथे चूक यंत्राची नसते, सवयीची असते.

आधी हे समजून घ्या : घड्याळं तीन आहेत

बहुतेक गोंधळ एकाच समजुतीतून होतो. एक बटण दाबलं की सगळं थांबतं, असं वाटतं. प्रत्यक्षात तीन घड्याळं चालू असतात आणि ती एकमेकांना ओळखतही नाहीत.

पहिलं तुमच्या उपलब्धतेचं, म्हणजे कॉल-चॅटच्या खिडकीतलं स्टेटस. ते फक्त नवीन काम यायचं थांबवतं. दुसरं उचललेल्या कामाचं. यात वेळ मोजणारा टायमर येतो, आणि "इतका वेळ हालचाल नाही तर तिकीट काढून घ्या" असा नियम लावला असेल तर तोही येतो. तिसरं ग्राहकाचं, म्हणजे एसएलए. ते तिकिटाला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. तुम्ही खुर्चीत आहात की कँटीनमध्ये, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

म्हणून "जेवणासाठी एसएलए कसा थांबवायचा" हा प्रश्नच चुकीचा आहे. तो थांबवायचा नसतो. आपण नसताना तो तुटणार नाही, एवढी सोय उठण्याआधी करायची असते. पहिली दोन घड्याळं मात्र खरोखर थांबवता येतात, आणि थांबवायलाच हवीत.

तपासणी १ : उठण्याआधी स्टेटस खरंच बदललं का

यात पैसा लागत नाही, दहा सेकंदांत होते. कॉल किंवा चॅट चालू असताना `Lunch` निवडलात, तर बऱ्याच प्रणाल्या स्टेटस लगेच बदलत नाहीत. हातातला कॉल संपला की बदलेन, असं नोंदवून ठेवतात आणि तोपर्यंत बाजूला `Pending` सारखा शब्द दाखवतात. कॉल संपला तरी रॅप-अप, म्हणजे कॉलनंतर नोंदी करायचा वेळ, चालू असतो. त्या अवस्थेत तुम्ही उठलात आणि रॅप-अप संपल्यावर प्रणालीने तुम्हाला पुन्हा `Available` केलं, तर पुढचा कॉल रिकाम्या खुर्चीवर वाजतो.

म्हणून क्रम असा ठेवा. शेवटचा कॉल संपवा, रॅप-अप स्वतः बंद करा, मग `Lunch` निवडा आणि पडद्यावर `Lunch` हा शब्द व त्याच्या बाजूचा वेळ ००:०० पासून चालू झालेला डोळ्यांनी बघा. मगच हेडसेट काढा.

आणखी एक फट आहे. `Lunch` लावायच्या दोन-चार सेकंद आधी एखादा चॅट तुमच्याकडे पाठवला गेलेला असू शकतो. तो स्वीकारायची मुदत चालू झालेली असते. स्टेटस बदलल्यावर तो आपोआप परत जाईलच असं नाही. हे प्रणाली कशी बसवली आहे त्यावर ठरतं. त्यामुळे स्टेटस बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा. चॅट वाजला तर नाकारा, नुसता वाजू देऊ नका. नाकारलेला चॅट लगेच दुसऱ्याकडे जातो. वाजत ठेवलेला चॅट मुदत संपेपर्यंत अडकतो, ग्राहक तेवढा वेळ ताटकळतो, आणि नोंद तुमच्या नावावर होते.

`Lunch` ऐवजी `Break` किंवा नुसतं `Away` लावायची सवय असेल तर ती सोडा. कारणाचा कोड हा फक्त अहवालापुरता नसतो. दुपारी कोण किती वाजता परत येणार, याचा अंदाज त्यावरून टीम लीड बांधतो आणि त्यानुसार दुसरी तुकडी जेवायला सोडतो.

तपासणी २ : लॅपटॉप झोपतोय का

`Offline` झाल्याचं लक्षण असेल तर बहुतेक वेळा कारण इथे सापडतं. जेवायला जाताना लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो स्लीपमध्ये जातो, नेटवर्क तुटतं, व्हीपीएन तुटतं आणि चॅटच्या खिडकीची सर्व्हरशी असलेली सलग जोडणी जाते. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर तुम्ही जेवायला गेलेले नाही, गायब झालेले आहात. मग तो उघडे चॅट दुसऱ्याला देतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

झाकण उघडं ठेवा आणि विंडोज की व `L` दाबून पडदा लॉक करा. लॉक केल्याने जोडणी तुटत नाही. पण लॉकनंतर दहा-पंधरा मिनिटांत मशीन स्लीपमध्ये जात असेल, तर विंडोजच्या `Power` सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असतानाचा स्लीपचा वेळ एक तासाच्या वर न्या आणि चार्जर लावूनच उठा. कंपनीच्या मशीनवर ही सेटिंग राखाडी दिसली तर ती आयटीने बांधून ठेवली आहे, असं समजा. ती तोडायच्या वाटा शोधू नका. आयटीकडे तिकीट टाका.

ब्राउझरचीही एक बाजू आहे. क्रोममधला टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ दृष्टीआड राहिला, तर त्यातले टायमर क्रोम मिनिटातून एकदाच चालू देतं. ही पद्धत २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती ८८ पासून आहे. शिवाय मेमरी सेव्हर चालू असेल तर न वापरलेला टॅब पूर्णच निपचित केला जातो. "मी इथे आहे" असा संदेश दर काही सेकंदांनी पाठवणारी चॅटची खिडकी मग गप्प बसते. पत्त्याच्या पट्टीत हे टाका :

```
chrome://settings/performance
```

तिथे कायम जागं ठेवायच्या साइट्सच्या यादीत चॅटचा आणि जिराचा पत्ता घाला. आणि उठताना चॅटचा टॅब वेगळ्या खिडकीत, सगळ्यात वर ठेवा. हे करूनही `Offline` होत असेल, तर ब्राउझरचा संशय सोडून व्हीपीएनचा किती वेळानंतर आपोआप तुटायचा नियम आहे, ते नेटवर्कवाल्यांना विचारा.

तपासणी ३ : तिकीट कुणी काढून घेतलं

हातचं तिकीट गेलं की पहिला संशय शेजारच्यावर जातो. "त्याने सोपं बघून उचललं" असं म्हणण्याआधी दोन मिनिटं इतिहास बघा. आज तुमच्याकडून सुटलेली तिकिटं शोधायला जिराच्या शोधपट्टीत हे टाका :

```
assignee WAS currentUser()
AND (assignee IS EMPTY OR assignee != currentUser())
AND updated >= startOfDay()
```

यातला `IS EMPTY` हा भाग गाळू नका. नुसतं `assignee != currentUser()` लिहिलं तर ज्या तिकिटांवर कुणाचंच नाव नाही ती जिरा दाखवत नाही. आपल्याला तर नेमकी तीच हवी असतात. यादीत जुनी, नीट हस्तांतर केलेली तिकिटंही दिसतील, कारण पहिली ओळ कधीही तुमच्याकडे असलेलं तिकीट पकडते.

आता तिकीट उघडा आणि खाली `History` बघा. `Assignee` बदलल्याच्या ओळीत माणसाचं नाव असेल तर त्या माणसाशी बोला. बहुतेक वेळा तिथे `Automation for Jira` असं दिसतं. म्हणजे नियमाने काढलं. डेस्कवर पडून राहिलेली तिकिटं मोकळी करायला असा नियम कुणीतरी चांगल्या हेतूने लावलेला असतो. साधारण असा :

```
status = "In Progress" AND assignee IS NOT EMPTY
AND updated <= -30m
```

हा दर पंधरा मिनिटांनी चालतो आणि सापडलेल्या तिकिटांवरचं नाव पुसतो. जेवणाची सुट्टी ४५ मिनिटांची आणि नियम ३० मिनिटांचा. तुमची शेवटची नोंद १२:५५ ची असेल, तर १:३० ची फेरी तिकीट घेऊन जाणारच. तुम्ही कितीही वेळेवर परत आलात तरी त्यात फरक पडत नाही.

उपाय दोन बाजूंनी करायचा. तुमच्या हातातला उपाय म्हणजे उठताना तिकिटात आतली नोंद टाकणे. ती `updated` पुढे सरकवते. एरवीही ती टाकायलाच हवी. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात : कुठपर्यंत आलोय, पुढचं पाऊल काय, आणि मी किती वाजता परत येणार. "पेमेंट गेटवेचा लॉग तपासला, ११:१२ ला टाइमआउट दिसतोय. पुढे डेटाबेसच्या बाजूचा लॉग बघायचा. १:४५ ला परत." एवढं असलं की मध्येच काही पेटलं तर दुसरा माणूस शून्यापासून सुरू करत नाही.

पण ३० मिनिटांच्या नियमापुढे नुसती नोंद पुरत नाही, हे गणित वर दिसलंच. नियमाचा आकडाच वाढवावा लागतो. सुट्टी ४५ मिनिटं, लिफ्ट आणि मायक्रोवेव्हपुढची रांग १० मिनिटं, परत येऊन लॉगिन ५ मिनिटं, आणि नियमाच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर १५ मिनिटं. बेरीज ७५. म्हणून `-30m` च्या जागी `-75m`. फेऱ्यांमधलं अंतर खरं तर तुमच्याच बाजूचं असतं, कारण नियम मुदत उलटल्यावर पुढच्या फेरीलाच पकडतो. तरी ते धरावं, म्हणजे एखादी फेरी नेमकी मुदतीच्या क्षणाला पडली तरी माणूस अडचणीत येत नाही.

काही ठिकाणी व्यवस्थापन आकडा वाढवायला तयार नसतं, कारण खरोखर पडून राहिलेली तिकिटंही तेवढा वेळ अडतात. मग लेबल वापरता येतं :

```
status = "In Progress" AND assignee IS NOT EMPTY
AND updated <= -30m
AND (labels IS EMPTY OR labels != jevan)
```

उठताना `jevan` हे लेबल लावायचं, आल्यावर काढायचं. याची कमजोरी उघड आहे. काढायचं विसरलात तर ते तिकीट नियमाच्या नजरेतून कायमचं सुटतं. म्हणून लेबल असलेली आणि ७५ मिनिटांत न हललेली तिकिटं शोधून लेबल उतरवणारा दुसरा नियम लावल्याशिवाय हा मार्ग धरू नये. पर्याय असेल तर आकडा वाढवणंच बरं.

तपासणी ४ : एसएलए थांबवायला कुणी चुकीचं स्टेटस वापरतंय का

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

जिरात प्रत्येक एसएलएला सुरू होण्याची, थांबून राहण्याची आणि संपण्याची अट असते. थांबून राहण्याची नेहमीची अट म्हणजे तिकीट `Waiting for customer` मध्ये असणे. ग्राहकाकडून माहिती हवी असेल तर तो वेळ आपल्या खात्यात धरू नये, हा त्यामागचा रास्त विचार. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की जेवायला जाताना तिकीट तिथे ढकललं की घड्याळ थांबतं. हळूहळू अख्खी पाळी तेच करू लागते.

एक तिकीट धरून बघू. सोडवण्याची मुदत ४ तास, कामाची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. तिकीट १०:४० ला आलं. एकला तुम्ही उठता तेव्हा २ तास २० मिनिटं गेलेली असतात, १ तास ४० मिनिटं उरलेली असतात, म्हणजे मुदत २:४० ची. एसएलए तसाच चालू ठेवून तुम्ही १:४५ ला परत आलात तर हातात ५५ मिनिटं आहेत. काम तेवढ्यात होणार असेल तर काहीच करायची गरज नाही. निवांत जेवा.

आता तेच तिकीट एकला `Waiting for customer` मध्ये ढकललं आणि १:४५ ला परत आणलं, तर मुदत ३:२५ वर जाते. वरवर ४५ मिनिटं मिळाली. पण ग्राहकाला पोर्टलवर दिसतं की तुम्ही त्याची वाट बघताय. सूचना चालू असतील तर त्याला ईमेलही जातो. तो "काय हवंय?" असं लिहितो. त्याची कॉमेंट आली की बऱ्याच डेस्कवरचा नियम तिकीट परत `Waiting for support` मध्ये टाकतो आणि घड्याळ तुम्ही जेवत असतानाच चालू होतं. परत आल्यावर तिकीट परत आणायचं विसरलात तर त्याहून वाईट. उत्तर न आलेली तिकिटं काही दिवसांनी आपोआप बंद करणारा नियम असेल तर न सुटलेलं तिकीट बंद होतं. आणि महिन्याच्या आढाव्यात ग्राहकाने इतिहास मागितला, तर एकही प्रश्न न विचारता "ग्राहकाची वाट" असं लिहिलेली ४५ मिनिटं त्याला दिसतात. त्यानंतर तुमच्या खऱ्या थांब्यांवरही तो विश्वास ठेवत नाही.

आत्ता अशी किती तिकिटं आहेत ते बघायला :

```
assignee = currentUser() AND "Time to resolution" = paused()
```

यात `paused()` म्हणजे अटीमुळे थांबलेली तिकिटं. कामाच्या वेळेबाहेर असल्यामुळे न मोजली जाणारी तिकिटं यात येत नाहीत, त्यासाठी `withinCalendarHours()` हे वेगळं फंक्शन आहे. यादीतल्या प्रत्येक तिकिटात शेवटची बाहेरची कॉमेंट बघा. ग्राहकाला प्रश्न विचारलेला नसेल तर ते तिकीट तिथे असायला नको. तुमच्याकडे एसएलएचं नाव वेगळं असेल तर अवतरणातलं नाव तसं बदला.

मग एसएलए सांभाळायचा कसा

जेवायच्या दहा मिनिटं आधी ही यादी बघा :

```
assignee = currentUser() AND resolution IS EMPTY
AND "Time to resolution" = running()
AND "Time to resolution" < remaining("2h")
```

दोन तासांहून कमी उरलेली तिकिटं समोर येतील. उरलेल्या वेळातून एक तास वजा करा. पाऊण तास सुट्टीचा, पाव तास पुन्हा कामात शिरायचा. जे उरतं त्यात काम होत असेल तर तिकीट ठेवा. होत नसेल तर ते जेवणाआधीच दुसऱ्या तुकडीतल्या कुणाला तरी नीट हवाली करा. हवाली करणं म्हणजे आतली नोंद, नाव बदलणं, आणि त्या माणसाने "घेतलं" म्हणणं. नुसतं नाव बदलून उठलात आणि तोही तेव्हाच जेवायला गेलेला असला, तर तिकीट दोघांमध्ये पडतं.

पहिल्या उत्तराचा एसएलए वेगळा बघावा लागतो. तिकीट आपल्या नावावर घेतलं म्हणजे पहिलं उत्तर दिलं असं होत नाही. नेहमीच्या मांडणीत ते घड्याळ ग्राहकाला दिसणाऱ्या कॉमेंटनेच थांबतं. आतल्या नोंदीनेही नाही. ३० मिनिटांची मुदत असलेलं तिकीट १२:४५ ला आलं, १२:५० ला तुम्ही उचललं आणि एकला उठलात, तर ते १:१५ ला तुटणार. म्हणून उठण्याआधी दोन ओळी लिहा, पण त्यांत काहीतरी खरं असू द्या : "तुमची अडचण मिळाली. लॉगिनच्या नोंदी तपासतोय. पुढची माहिती २:१५ पर्यंत देतो." दिलेली वेळ पाळता येईल अशीच लिहा. परत यायची वेळ १:४५ असेल तर १:५० लिहू नका.

आणि सुट्टीच्या आधीच्या पंधरा मिनिटांत नवीन तिकीट उचलू नका. वाचून, समजून, पहिलं उत्तर देऊन थांबण्याजोग्या जागी पोचायला तेवढा वेळ लागतोच. त्यापेक्षा हातातली नीट लावून ठेवा.

तपासणी ५ : टायमर

हे थोडक्यात आटपतं. जिराचं स्वतःचं `Log work` चालतं घड्याळ नाही, तिथे वेळ तुम्ही लिहिता. चालता टायमर असेल तर तो जोडलेल्या ॲपचा आहे आणि तो `Lunch` स्टेटस वाचत नाही, दोघांना मुद्दाम जोडलं नसेल तर. उठताना तो हाताने थांबवा. विसरलात तर नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा, उदाहरणार्थ `3h 5m` च्या जागी `2h 20m`, आणि वर्णनात "जेवणाची सुट्टी वजा" असं लिहा. टायमर थांबवल्याने एसएलए थांबत नाही, आणि नोंद दुरुस्त केल्याने एसएलए बदलतही नाही. नोंदी मंजूर होऊन बंद झाल्या असतील तर टीम लीडकडूनच बदलून घ्या.

काही ॲप बराच वेळ माउस-कीबोर्ड हलला नाही की विचारतात, रिकामा वेळ ठेवू की टाकू. परत आल्यावर घाईत "ठेवू" दाबलं जातं. पाऊण तास जास्त नोंदल्याच्या तक्रारीत हे आधी बघा.

तपासणी ६ : कॅलेंडर

वरचं सगळं बरोबर असूनही मुदत विचित्र वेळी तुटत असेल तरच इथे या. एसएलए ज्या कॅलेंडरवर चालतो त्यात कामाच्या वेळा आणि टाइमझोन असतो. टाइमझोन चुकून यूटीसी राहिला आणि दुपारी १ ते २ ची फट ठेवली, तर ती फट आपल्या घड्याळाने संध्याकाळी ६:३० ते ७:३० ला पडते. दुपारी एसएलए चालूच राहतो. ब्रिटनमधल्या ग्राहकासाठी लंडनचा टाइमझोन लावला असेल तर फरक वर्षभर सारखा नसतो. हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो. सोमवारपासून अचानक तक्रारी सुरू झाल्या असतील तर तारीख बघा.

कॅलेंडरमध्ये जेवणाची फट ठेवावी का, हा प्रश्न इथेच येतो. अख्खा डेस्क एकाच वेळी बंद होत असेल आणि ग्राहकाशी झालेल्या करारात ती वेळ वगळलेली असेल, तर ठेवावी. पाळीपाळीने जेवणाऱ्या डेस्कवर ठेवू नये. १२:३०, १:१५ आणि २ अशा तुकड्या असतील तर कुणीतरी कायम हजर आहे, आणि फट ठेवली तर १:०५ ला आलेल्या तातडीच्या तिकिटाचा तासभर कागदावरून गायब होतो.

इथे थांबा

स्टेटस, लॅपटॉप, आतली नोंद, पहिलं उत्तर, टायमर एवढं तुम्ही स्वतः करायचं. पुढच्या गोष्टींना हात लावू नका, परवानगी असली तरी.

ऑटोमेशनचा नियम आणि एसएलएच्या अटी जिरा ॲडमिननेच बदलाव्यात. एसएलए किंवा कॅलेंडर बदललं की चालू तिकिटांचा हिशोब नव्याने होतो. दुपारी दोनला केलेला छोटा बदल सकाळपासूनच्या सगळ्या उघड्या तिकिटांची मुदत हलवू शकतो. कॅलेंडरमध्ये फट घालायची असेल तर ॲडमिनच्याही आधी करार सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाची लेखी संमती लागते. कॉल रिकाम्या खुर्चीवर वाजत असतील आणि पहिली तपासणी नीट केलेली असेल, तर टेलिफोनी टीमला बोलवा. रॅप-अपनंतर कोणत्या स्टेटसवर जायचं हे त्यांच्याकडे ठरतं. टायमरच्या नोंदीवरून पगार कापला गेला असेल तर ते एचआरचं काम आहे, सॉफ्टवेअरचं नाही.

ॲडमिनला कळवताना "लंचमध्ये तिकीट गेलं" एवढंच लिहिलंत तर तो पुन्हा तुम्हालाच विचारणार. तिकीट क्रमांक, `History` मधली `Assignee` बदलल्याची ओळ वेळेसकट, तुम्ही `Lunch` लावल्याची आणि काढल्याची वेळ, आणि एसएलएच्या चौकटीचा स्क्रीनशॉट द्या. नियमाच्या ऑडिट लॉगमध्ये तो त्याच मिनिटाची फेरी उघडून बघू शकतो. एकच तिकीट देण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवसांची दोन-तीन द्या. प्रत्येक वेळी तिकीट :००, :१५, :३० किंवा :४५ लाच सुटलेलं दिसलं, तर वेळेवर चालणारा नियमच कारण आहे, हे त्याला लगेच कळेल.